लग्नाचा वाढदिवस विसरलो, माफी कन्नडातून मागितली : तारखेवार सगळं

आमच्या भागात मराठी नवरा-कन्नड बायको किंवा उलटं अशी जोडपी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही बघा, प्रत्येक गल्लीत एखादं घर निघतंच, आणि बहुतेक घरात एकजणच दुसऱ्याची भाषा शिकतो. आमच्याकडं बायको शिकली. बैलहोंगल तालुक्यातली ती, लग्नाआधी मराठी नुसतं कानावरनं गेलेलं, आणि वर्षभरात माझ्या आईशी भांडण्याइतकं मराठी बोलायला लागली. मला मात्र बाजारापुरतं कन्नड यायचं, एष्ट, साक, ब्याड, झालं. त्यामुळं माफी मागायची वेळ आली तेव्हा ती तिच्या भाषेत मागायची असं ठरवलं आणि त्यात बऱ्याच गोष्टी कळल्या ज्या आधी कोणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

आमचं लग्न 12 डिसेंबर 2021 चं, रविवार होता. 2024 ला 12 तारीख गुरुवारी आली. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये डिस्पॅचला आहे, त्या दिवशी एक गाडी लोड व्हायची होती, ती रात्री नवाला सुटली, मी साडेदहाला घरी. बायकोनं ताट वाढलं, ताटात होळगी होती, म्हणजे आपली पुरणपोळी, वर तूप. मी दोन खाल्ल्या, छान झाल्यात म्हटलं, आणि झोपलो. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सण नाही वार नाही, पुरण कशाला घातलंय हे मी विचारलं नाही. पुढं सगळं या एका न विचारण्याशी येऊन थांबलं म्हणून हे सांगून ठेवतो.

शुक्रवारी 13 ला दुपारी सासूबाईंचा फोन, "निन्ने हेंगात्रि?" म्हणजे काल कसं झालं. मी म्हटलं काय कसं झालं, त्या हसल्या, त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. फोन ठेवल्यावर मोबाईलवर तारीख बघितली आणि पोटात गोळा आला.

तिथंच शॉपच्या दारात उभं राहून मी व्हॉट्सॲप केला. तो मेसेज जसाच्या तसा देतो, कारण आपल्यातले निम्मे लोक हाच मेसेज करतात : "सॉरी गं, कामाच्या गडबडीत लक्षातच राहिलं नाही. तू पण आठवण करायची की." आणि पुढं हसण्याच्या तीन इमोजी. उत्तर आलं, "इर्लि बिड्रि." म्हणजे असू दे, सोडा. मी ते शब्दशः घेतलं, सुटलो म्हणून. येताना टिळकवाडीतनं साडेचारशेचा केक घेतला, वर नाव घालून. तिनं केक कापला, आईला दिला, मला दिला, उरलेला फ्रिजमध्ये ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

इर्लि बिड्रि म्हणजे माफ केलं असं नाही. आपल्या मराठीतसुद्धा "असू दे" दोन तऱ्हेचं असतं आणि आपल्याला सुरावरनं कळतं, पण दुसऱ्या भाषेतला सूर आपल्याला मेसेजमध्ये ऐकू येत नाही. मला ओळखू आलं ते दुसऱ्याच गोष्टींवरनं. एरवी ती माझ्याशी मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडात घसरते, अय्य, हौदा, हंगल्लरि, असं चालू असतं. शुक्रवार रात्रीपासनं ती माझ्याशी शुद्ध मराठी बोलत होती. वाक्यं छोटी. "जेवण वाढलंय." "पाणी येऊन गेलं." आणि प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर, एक शब्द जास्त नाही. ज्यांचा जोडीदार दुसऱ्या भाषेतला आहे त्यांनी ही खूण लक्षात ठेवा, आपलं माणूस स्वतःची भाषा आपल्यासमोर बोलायची बंद झालं की अजून मिटलेलं नाही.

शनिवारी सकाळी चहा घेताना स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघितलं. कन्नड कॅलेंडर आहे, तिच्या माहेरनं येतं, त्यावर दुधाचा हिशेब असतो, रोजच्या खान्यात अर्धा, एक, अर्धा असं पेन्सिलीनं. 12 च्या खान्यात दुधाचा आकडा कोपऱ्यात बारीक सरकवलेला आणि मध्ये लाल पेनानं गोल, गोलाच्या आत कन्नडात दोन अक्षरं. मला वाचता येत नव्हती. ती आमच्या दोघांच्या नावातली पहिली अक्षरं होती हे नंतर कळलं. हे पान 1 तारखेपासनं माझ्या डोळ्यासमोर होतं.

तेव्हा ठरवलं की मराठीत परत सॉरी म्हणून उपयोग नाही, ते एकदा इमोजी लावून वापरून झालंय. तिची आई तिला रागावते, समजावते, लाड करते ते सगळं कन्नडात, म्हणजे मनाला लागणारं बोलणं तिच्यासाठी त्याच भाषेतलं. आणि मराठीत मी पटापट बोलून निसटू शकतो. कन्नडात निसटता येणार नाही, एकेक शब्द उचलून ठेवावा लागेल.

कोणाची मदत घ्यायची हा पहिला प्रश्न. मेहुणीला विचारायचा मोह झाला होता, घेऊ नका. तिच्या माहेरच्या कोणालाही विचारलं की गोष्ट आधी तिकडं पोचते आणि मग तिला दोन घरांना उत्तरं द्यावी लागतात. आमच्या शॉपमध्ये सौंदत्तीकडचे एक वयस्कर मशिनिस्ट आहेत, सगळे अण्णा म्हणतात, मराठी कन्नड दोन्ही पाण्यासारखं. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठलं. मी आधीच एका कागदावर लिहून नेलं होतं, जिकडं तिकडं ऐकलेले शब्द जोडून, लग्नपत्रिकेवरचे, स्टेशनवरचे. सुरुवात होती, दयविट्टु क्षमिसि, आणि पुढं विवाह वार्षिकोत्सव. अण्णांनी डबा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "अरे बायकोला सांगालास की स्टेशनवर अनौन्स करालास? गाडी दोन नंबरवर येणार हाय काय?"

मग त्यांनी नीट बसून शिकवलं. आमच्या भागात घरात कोणी क्षमिसि म्हणत नाही, तो कागदावरचा आणि माईकवरचा शब्द. विवाह पण नाही, मदवी म्हणायचं. आणि नीवु नाही, बायकोशी एरवी नी म्हणतोस ना, मग माफी मागताना एकदम आदरार्थी झालास तर ती परकी वाटून घेईल. हे सगळं पटलं. पण खरी गोष्ट पुढं होती. मी कागदावर लिहिलं होतं "मरतहोतु", म्हणजे विसरलं गेलं, विसरायला झालं. अण्णा म्हणाले, "हे कुणी केलं मग? आपोआप झालं?" कन्नडात आपल्यासारखंच दोन्ही प्रकारे बोलता येतं. मरतहोतु म्हटलं की विसरणं ही घडलेली गोष्ट होते, पाऊस पडला तसं, त्यात मी कुठंच नसतो. मरते किंवा मरतबिट्टे म्हटलं की मी विसरलो. तसंच तप्पातु, म्हणजे चूक झाली, आणि तप्प नंद, म्हणजे चूक माझी. पहिलं म्हणायला सोपं जातं आणि म्हणूनच तोंडात तेच येतं. माझा शुक्रवारचा मराठी मेसेज पण असाच होता, "लक्षातच राहिलं नाही". वर "तू पण आठवण करायची की" लावून अर्धी चूक तिच्या पदरात टाकलेली. अण्णांनी तो मेसेज वाचला आणि नुसतं "छे छे" केलं.

अण्णांनी अजून एक काढून टाकायला लावलं, गाडी उशिरा सुटली ते. मी म्हटलं खरंच सुटली होती उशिरा. ते म्हणाले तिला माहीत आहे, तुझं ताट तिनंच साडेदहाला वाढलंय. कारण खरं असलं तरी माफीत घातलं की माफी कारणाची होते. तिनं विचारलं तर सांग, नाहीतर नको. आणि तिनं काय केलं होतं ते घाल, नुसता दिवस विसरलो म्हणू नको, होळगी घाल.

नंतर एका ठिकाणी वाचलं की अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली माफीचे सहा भाग वेगवेगळे करून लोकांवर तपासले होते, तर सगळ्यात जास्त वजन निघालं चूक माझी आहे हे कबूल करण्याला, त्याच्या खालोखाल भरपाई करतो म्हणण्याला, आणि सगळ्यात कमी "मला माफ कर" या मागणीला. अण्णांनी क्षमिसि खोडून तप्प नंद वर आणलं होतं ते त्याच क्रमानं होतं.

शेवटी उरली ती वाक्यं अशी. देवनागरीत लिहितोय, मी पण तशीच लिहून घेतली होती :

ना नम्म मदवी दिना मरतबिट्टे. मी आपल्या लग्नाचा दिवस विसरून गेलो.
नी होळगी माडिदि, ना केळ्लिल्ल. तू होळगी केलीस, मी विचारलंसुद्धा नाही.
निनग ब्यासरातु. तुला वाईट वाटलं.
तप्प नंद, निंदल्ल. चूक माझी, तुझी नाही.
इन्नोम्मे हिंग माडूदिल्ल. परत असं करणार नाही.

अण्णांच्या आवाजात हे मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं, मिनिटभराचं पण नाही. ही टीप खरंच कामाची आहे कारण देवनागरीत लिहिलेलं कन्नड आपण मराठीसारखं वाचतो आणि दोन ठिकाणी फसतो. एक म्हणजे कन्नडात ए आणि ओ आखूड पण असतात आणि लांब पण, आपल्या लिपीत दोन्हीला एकच मात्रा. बेळे आखूड ए नं म्हटलं तर पीक, लांब ए नं म्हटलं तर डाळ. इन्नोम्मे मधला ओ आखूड आहे, होळगीतला लांब, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. दुसरं म्हणजे शब्दाच्या शेवटचा अ. आपण राम लिहितो आणि राम् म्हणतो. कन्नडात तो अ पूर्ण म्हणायचा, नंद् नाही, नंद-अ. तो गिळला की ऐकणाऱ्याला शब्द अर्धा तुटल्यासारखा वाटतो.

शनिवारी रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसून कानात इअरफोन घालून म्हणत होतो, इन्नोम्मे हिंग माडूदिल्ल, इन्नोम्मे हिंग माडूदिल्ल. शेवटचा अ गिळतच होतो. आई वाळवण झाकायला वर आली आणि म्हणाली, "हिंग कशाला पाहिजे रे तुला आत्ता? डबीत तळाला असंल थोडा." मला हसू आलं आणि त्याच वेळी डोक्यात दिवा पण लागला. कन्नडात हिंग म्हणजे असं, आणि मराठीत हिंग म्हणजे हिंग. हे दोन्ही आमच्याच घरात एकदम कळू शकतं.

आता माझा स्वभाव असा की सुचलेला विनोद लगेच वापरावासा वाटतो. रविवारी सकाळी किराणा दुकानातनं 50 ग्रॅमची हिंगाची डबी आणली, नव्वद रुपये. दुकानातनं घरी येईपर्यंत ठरवत होतो की वाक्यं म्हणायची आणि शेवटच्या वाक्याला डबी पुढं करायची. मग शुक्रवारच्या इमोजी आठवल्या. तिथं मी हसून दाखवलं होतं ते तिनं काही बोलायच्या आधी, म्हणजे तिला रागवायला जागाच ठेवली नव्हती. ज्याला वाईट वाटलंय त्यानं बोलायच्या आधी आपण विनोद केला की तो विनोद त्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा होतो. डबी जॅकेटच्या खिशात ठेवली आणि तिथंच राहू दिली.

15 तारखेला दुपारी आई भजनाला गेल्यावर बोललो. बायको स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती, मी पण खाली बसलो. कागद हातात ठेवला, लपवला नाही, पाठ म्हणून दाखवायची परीक्षा नव्हती ती. म्हटली वाक्यं, सावकाश. मरतबिट्टे नीट आलं. ब्यासरातु ला जीभ अडखळली, परत म्हटलं. तप्प नंद, निंदल्ल म्हटलं तेव्हा तिचा हात थांबला, कारण त्या "तू पण आठवण करायची की" ला ते उत्तर होतं आणि तिला ते बरोबर पोचलं.

मला वाटलं होतं आता ती काहीतरी बोलून विषय संपवेल. तसं झालं नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि मग बोलायला लागली, सगळं कन्नडात, वेगात, आणि मला निम्मं पण कळेना. इथं मी जवळजवळ म्हणणार होतो की मराठीत सांग. नाही म्हटलं. "सावकाश हेळ" म्हटलं, सावकाश हा शब्द त्यांच्याकडं पण आहे, हळू सांग. तिनं परत सांगितलं, काही शब्द मी विचारले, काही तिनं हातानं दाखवले. आपण त्यांच्या भाषेत सुरुवात केली की उत्तर पण त्याच भाषेत येणार, त्याची तयारी ठेवा, पाठ केलेली वाक्यं फक्त दार उघडतात.

आणि जे कळलं ते माझ्या कागदावर नव्हतं. दिवस विसरल्याचं तिला वाईट वाटलंच होतं, पण शुक्रवारी सकाळी, माझ्या आधी, तिच्या आईनं तिला फोन केला होता. आणि तिनं सांगितलं होतं की आम्ही संध्याकाळी बाहेर जेवायला गेलो. घरात, आपल्या आईशी, ती खोटं बोलली कारण दुसऱ्या भाषेच्या घरात मुलगी दिली म्हणून तिच्या घरचे आधी काळजीत होते आणि तिला त्यांना पुन्हा त्या काळजीत टाकायचं नव्हतं. मग दुपारी सासूबाईंनी मला जे विचारलं आणि मी काय कसं झालं म्हणालो, त्यात तिचं खोटं उघडं पडलं असतं. ते पडलं नाही ते फक्त त्यांना चेष्टा वाटली म्हणून.

यासाठी अण्णांनी दिलेलं वाक्य नव्हतं. मी म्हटलं, "अदू नंद तप्प." तीही चूक माझी. व्याकरण बरोबर होतं का माहीत नव्हतं, तिनं मान हलवली. मग ती म्हणाली, "मुंदेन?" पुढं काय. हा प्रश्न मला आवडला कारण तो खरा हिशेबाचा प्रश्न होता. मी म्हटलं दोन गोष्टी. एक, तुझ्या आईला मी सांगतो, तू नाही. दुसरी, आपलं लग्न अजून रजिस्टर नाही, तीन वर्षं तू म्हणतेस, मी उद्या उद्या करतोय, ते महिन्याभरात करतो आणि कागदपत्रं मी गोळा करतो. ती म्हणाली बघू.

मेथी निवडून झाली. संध्याकाळी ती आमटीला फोडणी देत होती, मोहरी तडतडली, तिनं जुनी डबी उघडून तळ खरवडायला घेतला. मी खिशातनं नवीन डबी काढून ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, "इद हिंग. इन्नोम्मे हिंग माडूदिल्ल." एकदा अ गिळून, एकदा अ पूर्ण म्हणून. तिला एक क्षण लागला. मग झारा हातात तसाच ठेवून अशी हसली की मोहरी करपली. आणि हसता हसता विचारलं, "मत्त हेंग माड्तीरि?" मग कसं करणार? हिंग म्हणजे असं, हंग म्हणजे तसं, हेंग म्हणजे कसं, हे तिघे भाऊ मला त्या दिवशी कायमचे पाठ झाले. ती परत माझ्याशी अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलायला लागली ते तिथनं.

विनोद का चालला याचा मी बराच विचार केला. तो तिच्या रागावर नव्हता आणि मी विसरलो त्यावर पण नव्हता. विसरण्यावर विनोद केला असता, मी काय बाबा विसरभोळा वगैरे, तर विसरणं हा माझा गोड स्वभाव ठरला असता आणि तिनं तो सांभाळून घ्यायचा असं झालं असतं. हा विनोद मी दिलेल्या शब्दावर होता, परत असं करणार नाही यावर, त्यामुळं प्रत्येक वेळी डबी उघडली की तो शब्दच आठवतो. दुपारी पाच मिनिटांत काढली असती डबी तर काय झालं असतं सांगता येत नाही, पण तिच्या आईची गोष्ट बाहेर आली नसती एवढं मला नक्की वाटतं.

रजिस्ट्रेशनचं थोडक्यात, कारण विचारणारे बरेच असतात. उपनोंदणी कार्यालयात जाण्याआधी कर्नाटक सरकारच्या कावेरी पोर्टलवर माहिती भरली. आम्ही दिलेली कागदपत्रं म्हणजे दोघांचे आधार, वयाच्या पुराव्याला दहावीची मार्कशीटं, लग्नपत्रिका, लग्नातला दोघं एकत्र दिसतील असा फोटो, पासपोर्ट फोटो, आणि साक्षीदार त्यांच्या आधारसकट. आमच्याकडं पत्रिका दोन छापल्या होत्या, आमची मराठी, त्यांची कन्नड. मी मराठी नेली होती, काउंटरवर विचारलं कन्नडातली आहे का, ती घरी शोधून आणली, ती लगेच चालली. तुमच्याकडं दोन्ही असतील तर दोन्ही घेऊन जा, एक हेलपाटा वाचेल. नावांची स्पेलिंगं आधार आणि मार्कशीटवर जुळतात का आधी बघा, बायकोच्या माहेरच्या आडनावात एक अक्षर वेगळं होतं, त्यात आठवडा गेला. झेरॉक्स, फोटो, रिक्षा, साक्षीदारांचा नाष्टा धरून साताठशे रुपये गेले. कन्नड अर्जातली माहिती मी स्वतः वाचून बघितली, बायको शेजारी बसून चुका सांगत होती. जानेवारीच्या शेवटी सर्टिफिकेट हातात आलं, विवाहाची तारीख 12-12-2021.

त्याच्या आधी संक्रांतीला बैलहोंगलला गेलो होतो, अर्धा किलो कुंदा घेऊन. सासूबाई एकट्या असताना सांगितलं, ना मदवी दिना मरतबिट्टे, तप्प नंद, आम्ही कुठं जेवायला गेलो नव्हतो, तिनं मला सांभाळून घेतलं. इथं विनोद केला नाही, हिंगाची गोष्ट पण सांगितली नाही, ती आमच्या दोघांची. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मला वाटलं आता मुलीला हाक मारतात. मग म्हणाल्या, होळगी तरी खाल्लीस की नाही? म्हटलं दोन खाल्ल्या. म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी विचार आणि मग खा. बायकोला त्यांनी त्या खोट्याबद्दल आजपर्यंत विचारलेलं नाही. मी सांगितलं हे बायकोला मी परत येताना गाडीत सांगितलं, तिला न सांगता ठेवलं असतं तर अजून एक लपवाछपवी झाली असती.

तारीख लक्षात ठेवायला आता दोन गोष्टी केल्यात. मोबाईलवर रिमाइंडर 12 चा नाही, 5 चा आहे, कारण त्याच दिवशी सकाळी आठवून सुट्टी मिळत नाही. आणि कॅलेंडरवरचा लाल गोल या वर्षी मी केला, आत दोन कन्नड अक्षरं माझ्या हातची, एक थोडं वाकडं आलंय, बायकोनं शेजारी पेन्सिलीनं बरोबर कसं ते काढून दाखवलंय. 2025 ला 12 डिसेंबर शुक्रवारी येतो. सुट्टीचा अर्ज सुपरवायझरकडं देऊन ठेवलाय, त्या दिवशीच्या डिस्पॅचला कोण उभं राहणार तेही अण्णांशी बोलून झालंय.